शिरोरेषेनं पकडलेली चूक: कापडी पिशवीवर लोगो बसवतानाचं एक प्रकरण

काम छोटं होतं. सातारा जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाला भाजणी, मेतकूट आणि नाचणीच्या पिठासोबत द्यायला कापडी पिशव्या छापून घ्यायच्या होत्या. छपाईआधी पिशवी कशी दिसेल याचं चित्र, म्हणजे मॉकअप, हवं होतं. लोगो त्यांच्याकडे तयारच होता: वर काळ्या रेघांचं जातं, त्याखाली गेरूच्या रंगात ठसठशीत देवनागरीत गटाचं नाव आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत एक ओळ. पिशवी बिनरंगाच्या जाड सुती कॅनव्हासची, 38 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर उंच, चमक अजिबात नाही. मी म्हटलं, दोन तासांचं काम आहे. त्याला चार दिवस गेले.

पहिल्या दिवशी मी केलं ते सगळेच करतात. नेटवरून पिशवीचा तयार मॉकअप उतरवला, फोटोशॉपमध्ये त्यातला स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे आपलं चित्र टाकायचा थर, उघडला, लोगो टाकला, डोळ्यांना बरा दिसेल एवढा मोठा केला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला. गटाच्या ताईंचा निरोप आला, "दादा, छान आहे, पण चिकटवल्यासारखं वाटतंय." ते मी मनावर घेतलं नसतं, पण ताईंनी तेच चित्र परस्पर छपाईवाल्यालाही पाठवलं होतं. छपाईवाल्यांनी पट्टी लावून हिशेब केला. चित्रात लोगोनं पिशवीच्या रुंदीचे शंभरातले 71 भाग व्यापले होते, म्हणजे 38 सेंटिमीटरच्या पिशवीवर तो 27 सेंटिमीटर येणार. त्यांचा फोन आला: "भाऊ, एवढा मोठा घेतला तर शिवणीजवळ जातो. शिवणीवर छपाईची फ्रेम उचलली जाते आणि शाई फिसकटते. दोन्ही बाजूंनी मला जागा सोडा." ठरलेला आकार 18 सेंटिमीटर होता. मॉकअपमधल्या पिशवीचं खरं माप मला माहीतच नव्हतं, त्यामुळे माझ्या चित्रातल्या आकाराला काही अर्थच उरला नव्हता.

तेव्हा ठरवलं की तयार मॉकअप बाजूला ठेवायचा आणि ज्या पिशवीवर छापायचं आहे तिचाच फोटो काढायचा.

त्याआधी लोगोचं बघू. आलेला लोगो 640 पिक्सेल रुंदीचा जेपीजी होता, मागे पांढरा चौकोन आणि अक्षरांच्या कडेला जेपीजीचा तो राखाडी भुगा. मूळ फाइल मागितली तर कोरलड्रॉची सीडीआर आली. ती माझ्याकडे उघडली तेव्हा नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली, कारण नाव जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं आणि तो फॉन्ट माझ्या मशीनवर नव्हता. अशा वेळी दुसरा जवळचा फॉन्ट लावून नाव पुन्हा लिहायचा मोह होतो. तो आवरावा. वेलांटीचं वळण, उकाराची शेपटी, जोडाक्षराची बांधणी यांत फरक पडतो, आणि मालकाला तो काय बदललाय हे सांगता आलं नाही तरी जाणवतो. ज्यांनी लोगो केला त्यांनाच फोन करून अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट लागू नये म्हणून त्यांचे नुसते आकार करून, पीडीएफ मागवली. दहा मिनिटांत आली.

आता फोटो. पिशवी भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि आत दोन किलो पीठ ठेवलं, म्हणजे कापडाला वजन येऊन खऱ्या घड्या पडतात. उजेड डावीकडच्या खिडकीतून. कॅमेरा तिपाईवर, 35 मिमीचं भिंग, पिशवीपासून साधारण दीड मीटरवर आणि थोडा बाजूला, कारण ताईंना समोरून सपाट फोटो नको होता.

इथे एक युक्ती केली आणि पुढचं अर्धं काम तिनंच सोपं केलं. पिशवीच्या पुढच्या बाजूला, लोगो जिथे येणार तिथे, ए-फोर कागद चिकटपट्टीनं सरळ लावला आणि एक फोटो काढला. मग कॅमेरा न हलवता, पिशवीला धक्का न लागेल असा कागद हळूच काढला आणि दुसरा फोटो काढला. ए-फोर कागद 21 सेंटिमीटर रुंद आणि 29.7 सेंटिमीटर उंच असतो, हे पक्कं. म्हणजे पहिल्या फोटोत माझी पट्टी आणि माझा दृष्टिकोन दोन्ही एकदम आले. पिशवीच्या कडांवरून हे काढायला गेलं तर फसतं. कापडाच्या कडा पोटाला फुगलेल्या असतात, कोपरे गोलसर आणि खाली ओघळलेले. चार कोपरे नेमके कुठे धरायचे हेच कळत नाही.

फोटोत कागदाची जवळची, डावी कड 1640 पिक्सेल उंच आली आणि लांबची, उजवी कड 1530. दोन्हींमधलं आडवं अंतर 960. या तीन आकड्यांत बरंच काही आहे. कागदाच्या मध्यावर उभ्या दिशेनं एका सेंटिमीटरला सुमारे 53 पिक्सेल पडतात, पण आडव्या दिशेनं फक्त 46, कारण पिशवी आपल्याकडे तिरकी आहे आणि तिची रुंदी आक्रसून दिसते. पहिल्या चित्रात मी लोगो जसाच्या तसा ठेवला होता, फार तर थोडा तिरका केला होता. त्यामुळे जातं पूर्ण गोल दिसत होतं. तिरक्या पिशवीवर गोल जातं लंबगोल दिसायला हवं, आणि ते तसं नसलं की चिकटवल्यासारखं वाटतं. ताईंनी नेमकं हेच म्हटलं होतं.

दुसरी गोष्ट मध्याची. फोटोतल्या 960 पिक्सेलचा मध्य 480 वर. पण जवळचा अर्धा भाग मोठा दिसतो, म्हणून कागदाचा खरा मध्य थोडा पलीकडे, लांबच्या बाजूला असतो. तो शोधायला गणित लागत नाही. कागदाच्या चार कोपऱ्यांतून दोन कर्ण काढायचे, ते छेदतात तो मध्य. माझ्याकडे तो डावीकडून 497 वर आला. सतरा पिक्सेल, म्हणजे पिशवीवर जेमतेम चार मिलिमीटर. पण कॅमेरा जवळ असेल किंवा पिशवी जास्त तिरकी असेल तर हाच फरक सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि लोगो कारण नसताना एका बाजूला सरकलेला दिसतो.

प्रत्यक्षात हे दोन्ही हिशेब हातानं करावे लागत नाहीत. आधी एक सपाट फाइल केली: 21 बाय 29.7 सेंटिमीटरची, एका सेंटिमीटरला 60 पिक्सेल धरून 1260 बाय 1782. तिच्यात लोगो 18 सेंटिमीटर रुंदीचा, म्हणजे 1080 पिक्सेल, बरोबर मध्यावर ठेवला. लांबीरुंदीचं प्रमाण मूळचंच. ही अख्खी फाइल स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून फोटोवर आणली आणि Edit > Transform > Distort मध्ये तिचे चार कोपरे कागदाच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवले. कागदाचा फोटो बंद केला, रिकाम्या पिशवीचा चालू केला. आकार, आक्रसणं, मध्य, सगळं आपोआप आलं. लोगोला ओढायचं नाही, ज्या कागदावर तो आहे त्या कागदाला ओढायचं. यात चुकीला फार कमी वाव राहतो, कारण लोगोला थेट हात लागतच नाही. पुढे ताई म्हणाल्या की अर्धा सेंटिमीटर वर घ्या, तेव्हा सपाट फाइलमध्ये लोगो 30 पिक्सेल वर सरकवला आणि काम झालं.

इथपर्यंत लोगो बसला, पण तो ताठ पुठ्ठ्यावर छापल्यासारखा होता. आणि हे सगळ्यांत आधी सांगितलं ते नावाच्या शिरोरेषेनं.

रोमन अक्षरांच्या लोगोत हे एवढं उघडं पडत नाही. प्रत्येक अक्षर सुटं असतं, डोळ्याला सलग रेघ मिळत नाही. देवनागरीत मात्र नावावरून एक लांब, जाड, सरळ रेघ जाते. पिशवीवर तीन घड्या होत्या आणि ही रेघ त्या तिन्हींवरून पट्टीनं मारल्यासारखी गेली होती. जातं फारसं खटकत नव्हतं. रेघ ओरडून सांगत होती की मी या कापडावर नाही. तेव्हापासून मी घड्या जुळवताना फक्त शिरोरेषेकडे बघतो. ती पटली की बाकीचं पटतं.

घड्यांसाठी फोटोशॉपमध्ये Filter > Distort > Displace आहे. त्याला एक राखाडी नकाशा द्यावा लागतो, पीएसडी म्हणून साठवलेला. काळा 0 आणि पांढरा 255 धरला तर नकाशातला मधला राखाडी, म्हणजे 128, चित्राला हलवत नाही. त्याहून उजळ भाग एका दिशेला ढकलतो, गडद भाग उलट दिशेला. 100 हा आकडा दिला तर जास्तीत जास्त 128 पिक्सेल सरकतं, म्हणजे 10 दिला तर सुमारे तेरा. पिशवीच्या फोटोची राखाडी प्रत हाच नकाशा.

पहिल्या प्रयत्नात फोटोची प्रत जशीच्या तशी दिली आणि आकडा 20 ठेवला. शिरोरेषा पाण्यात पडलेल्या दोरीसारखी थरथरली. नकाशात कापडाची वीण होती, आणि फिल्टरला प्रत्येक धागा घडी वाटत होता. मग नकाशावर Gaussian Blur 8 पिक्सेलचा दिला. धागे गेले, घड्या उरल्या.

दुसरी अडचण लपलेली होती. बिनरंगी कापड उजळ असतं. माझ्या फोटोत सपाट कापडाचा राखाडी आकडा 200 च्या आसपास होता. फिल्टरच्या दृष्टीनं 200 म्हणजे "सरकव", त्यामुळे घडी नसलेल्या जागीही लोगो काही पिक्सेल हलला, आणि मी इतक्या जपून काढलेला मध्य गेला. नकाशात Levels लावून सपाट भाग 128 वर आणावा लागतो. Info पॅनेलमध्ये कर्सर फिरवून तीन-चार जागी आकडा बघितला की पुरे.

हे सगळं होऊनही नावाच्या दुसऱ्या अक्षरावर रेघेला एक विचित्र बाक येत होता. तिथे कापड अगदी सपाट होतं. बराच वेळ समजेना. मग वर पाहिलं: पिशवीच्या बंदाची सावली तिथून तिरकी जात होती. फिल्टरला उजेड-अंधार एवढंच कळतं. गडद पट्टा घडीमुळे आहे, सावलीमुळे आहे की पिठाच्या डागामुळे, हे त्याला कळायचं कारण नाही. म्हणून नकाशाच्या प्रतीत त्या सावलीवर 128 चा राखाडी ब्रश फिरवून ती पुसली. फोटोतली सावली अर्थातच तशीच ठेवली, कारण ती लोगोवर दिसायला हवीच. कापडाचा आकार सांगणारी प्रत वेगळी आणि उजेड सांगणारी वेगळी, असे दोन थर तेव्हापासून मी नेहमीच ठेवतो.

नकाशा फोटोशी खरंच जुळतोय का हे तपासायला लोगोच्या जागी तात्पुरती आडव्या रेघांची जाळी ठेवली. रेघा घडीवरच वाकल्या तर ठीक, घडीच्या शेजारी वाकल्या तर नकाशा सरकलेला आहे. शेवटी आकडा 6 वर आणला. म्हणजे जास्तीत जास्त सात-आठ पिक्सेल, दीड मिलिमीटरही नाही. वाचताना कमी वाटेल, पण शिरोरेषेला तेवढंच हवं होतं.

एक घडी मात्र या फिल्टरनं सुटली नाही. उजवीकडे खाली, पिठाच्या वजनानं कापड खरोखर आत दुमडलं होतं, वरचा पदर खालच्यावर आलेला. अशा घडीत कापडाचा काही भाग दिसतच नाही, तेव्हा त्यावरचं अक्षरही तेवढं गिळलं जायला हवं. Displace चित्र इकडून तिकडे सरकवतो, लपवत नाही. तिथे शेवटच्या अक्षराचा काना Warp नं हातानं आत दाबला आणि घडीच्या कडेवर मास्क मारून एक बारीक पट्टी कापली. हे दहा मिनिटांचं हातकाम होतं. मला विचाराल तर अशी खोल घडी लोगोवर येतेय असं दिसलं तर फोटो काढतानाच कापड थोडं ओढून घ्यावं. मालकाला आपलं नाव चिरलेलं बघायला आवडत नाही, मग ते कितीही खरं असो.

आता शाई. सगळे सांगतात, लोगोचा थर Multiply करा, म्हणजे त्याचा रंग खालच्या कापडाच्या रंगाशी गुणला जातो. उजळ कापडावर ते चालतं असं वाटतं, पण दोन गोष्टी बिघडतात. Multiply कापडाची सावली लोगोत आणतो तसा कापडाचा पिवळटपणाही आणतो, त्यामुळे गेरू मळकट विटकरी झाला. छपाईवाल्यांनी त्याच कापडावर दिलेला शाईचा तुकडा माझ्याकडे होता. त्यातला गेरू बराच उजळ होता. आणि जात्याच्या काळ्या रेघा तशाच ठार काळ्या राहिल्या. शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच, म्हणून शुद्ध काळ्यावर सावली पडतच नाही. घडीतून गेली तरी रेघ तेवढीच काळी.

म्हणून Multiply लोगोला न देता वेगळ्या थराला दिला. लोगो Normal ठेवला. त्याच्यावर पिशवीच्या फोटोची राखाडी प्रत, या वेळी ब्लर न करता, लोगोपुरती क्लिप करून Multiply केली. तिच्यात Levels नं सपाट कापड पांढऱ्याच्या किंचित खाली, 235 च्या आसपास आणलं. आता ही प्रत कापडाचा रंग देत नाही, फक्त घडीची सावली, बंदाची सावली आणि विणीचे बारीक खड्डे देते. काळ्यासाठी लोगोवर अजून एक Levels लावून त्यातल्या Output चा सगळ्यांत खालचा आकडा 0 वरून 42 वर उचलला.

हा 42 कुठून आला? फोटोतली सगळ्यांत अंधारी जागा शोधली. पिशवीच्या तोंडाच्या आतला कोपरा, तिथे आकडा 38 होता. खिडकीच्या उजेडात, उघड्या कापडावर असलेली शाई पिशवीच्या आतल्या अंधारापेक्षा काळी असूच शकत नाही. त्यातून कापड मॅट. चमकदार पृष्ठभागावर उजेड एका दिशेनं परततो, त्यामुळे काळा गडद राहतो आणि एखादीच पांढरी झळक दिसते. मॅट कापड उजेड सगळीकडे विखुरतं, म्हणून काळा सगळीकडूनच थोडा राखाडी होतो. याच कारणानं लोगोवर चमकेची पट्टी कुठेच दिली नाही. पहिल्या दिवशीच्या तयार मॉकअपमध्ये तसा एक उजेडाचा थर होता, आणि त्यामुळे छपाई प्लॅस्टिकची वाटत होती.

शेवटी कडा. वेक्टर लोगोची कड सुरीनं कापल्यासारखी असते, आणि फोटोत इतकी धारदार दुसरी कुठलीच गोष्ट नसते. लोगोला 0.6 पिक्सेलचा ब्लर दिला. फोटो शंभर टक्क्यांवर ठेवून शिवणीचा दोरा आणि अक्षराची कड एकाशेजारी एक बघायची. दोन्ही सारखीच मऊ दिसली की थांबायचं.

हे बघत असतानाच खालच्या बारीक ओळीकडे लक्ष गेलं. 18 सेंटिमीटरच्या लोगोत तिची शिरोरेषा 0.4 मिलिमीटर भरत होती. मॉकअपमध्ये दोन पिक्सेल, व्यवस्थित वाचता येत होतं. पण याच पिशवीचे धागे मी भिंगाखाली मोजले होते: सेंटिमीटरला साधारण 18, म्हणजे एक धागा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. रेघ धाग्याहून बारीक. छापल्यावर ती धाग्यांच्या उंचवट्यांवर लागेल आणि मधल्या खळग्यांत तुटेल. छपाईवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, "कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर सगळंच छापून येतं, भाऊ." ताईंना विचारून ती ओळ काढली. मॉकअपमधूनही काढली, नाहीतर जे मिळणार नाही ते दाखवल्यासारखं झालं असतं.

काळ्या पिशवीचाही एक मॉकअप हवा होता, लोगो पांढऱ्यात. तिथे बदल दोनच. पांढरा 255 न ठेवता 220 वर आणला, नाहीतर लोगो कापडावर छापलेला न वाटता आतून दिवा लावल्यासारखा दिसतो. आणि पिशवीचा फोटो मुद्दाम जास्त उजेड देऊन काढला, कारण काळ्या कापडात घड्यांचे आकडे इतके जवळजवळ असतात की नंतर ताणले तर सावलीऐवजी दाणेच वर येतात.

चित्रासोबत छपाईवाल्यांना एक सपाट कागदही दिला: पिशवीची बाह्याकृती, लोगो 18 सेंटिमीटर रुंद, तोंडापासून 10 सेंटिमीटर खाली. पहिल्या लॉटच्या पिशव्या आल्या तेव्हा ताईंनी मॉकअप आणि पिशवी शेजारी धरून फोटो पाठवला. रुंदी बरोबर 18. गेरू थोडा फिका, पण तुकड्यासारखाच. लोगो मात्र जरा खाली वाटत होता. पट्टी लावली तर तोंडापासून 12 सेंटिमीटर. छपाईवाल्यांनी माप तोंडाच्या वरच्या कडेपासून न घेता दोन सेंटिमीटरची पट्टी जिथे शिवलेली आहे त्या टाक्यापासून घेतलं होतं. माझ्या कागदावर नुसतं "तोंडापासून" लिहिलेलं होतं. पुढच्या लॉटच्या कागदावर बाण काढला, त्याचं टोक वरच्या कडेला टेकलेलं, आणि शेजारी लिहिलं: टाक्यापासून नाही.